कव्हर लेटरमधला मधला परिच्छेद

"मॅडम, मी निपाणीची. बीकॉम झालंय, मग पुण्यात 6 महिन्यांचा फ्रंट-एंडचा बूटकॅम्प केला. बेळगाव, पुणे, बेंगलोर सगळीकडं ज्युनिअरच्या जागांना कव्हर लेटर पाठवतेय, कुणाचंच उत्तर येत नाही. लेटर सोबत जोडलंय. इंजिनिअरिंग नाही आणि गाव लहान, हे लिहू की लपवू?"

लपवू नको, पण एका ओळीत लिही आणि ती ओळ शेवटी टाक. आत्ता तुझा पहिला अख्खा परिच्छेद त्यातच गेलाय, इंजिनिअर नसले तरी, गाव लहान असलं तरी संधी द्या म्हणून, आणि वाचणाऱ्याला तू काय करू शकतेस ते कळायच्या आधी काय नाही तेच कळतं. दुसऱ्या परिच्छेदात एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट अशी यादी आहे, ती रेझ्युमेत आहेच की. आणि गोकाकच्या काकांच्या करदंटच्या दुकानासाठी तू ऑर्डरचं पेज केलंस, जे खरं काम आहे, त्याला फक्त अर्धी ओळ, "रिअ‍ॅक्टमध्ये ई-कॉमर्स वेबसाइट केली".

मी ती लिंक मोबाइलवर उघडली. होम पेज छान आलं, पाव किलो करदंट कार्टमध्ये टाकला, कार्टच्या पेजवर गेले, सहज रिफ्रेश केलं तर 404. तुझ्या लॅपटॉपवर असं होत नसणार, कारण तिथला डेव्हलपमेंट सर्व्हर कुठलाही पत्ता मागितला तरी index.html च देतो. तुझी साइट ज्यावर आहे ते गिटहब पेजेस तसं करत नाही, ते फक्त असलेल्या फाइली देतं. पत्त्यात `/cart` दिसलं की ते त्या नावाची फाइल शोधतं आणि तशी फाइल नसतेच, ते पेज रिअ‍ॅक्टचा राउटर ब्राउझरमध्ये तयार करतो आणि तो राउटर चालू व्हायला आधी index.html यावं लागतं. म्हणून होमवरून बटण दाबून गेलं तर चालतं, रिफ्रेश केलं किंवा कार्टची लिंक कुणाला पाठवली की मोडतं.

सोपा उपाय म्हणजे `BrowserRouter` काढून हे:

```jsx
<HashRouter>
  <App />
</HashRouter>
```

आता पत्त्यात # येईल. # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळं सर्व्हर दर वेळी index.html देतो आणि पुढचं राउटर बघतो. पत्ता जरा कुरूप दिसतो, पण या प्रोजेक्टला चालून जातंय. हे झालं की परत रिफ्रेश करून बघ, कार्ट रिकामी झाली तर माल नुसता स्टेटमध्ये आहे असं समज, तो `localStorage` मध्ये ठेवायला लागेल. आणि हे सगळं इनकॉग्निटो विंडोत, दुसऱ्याच्या फोनवर तपास, तुझ्या ब्राउझरमध्ये जुनं काही साठलेलं असू शकतं.

आता हीच गोष्ट तुझ्या लेटरचा मधला परिच्छेद होणार. लेटर इंग्रजीतच जाईल, मजकूर साधारण असा: "गोकाकच्या एका मिठाईच्या दुकानासाठी मी ऑर्डरचं पेज केलं, वजन निवडलं की एकूण रक्कम लगेच बदलते. होस्ट केल्यावर कार्टचं पेज रिफ्रेश केलं की 404 येत होतं, कारण गिटहब पेजेसला रिअ‍ॅक्टचे रूट माहीत नसतात. हॅश राउटर वापरून ते सोडवलं. लिंक आणि कोड खाली दिलाय." बस, एवढंच. पॅशनेट, फास्ट लर्नर वगैरे सगळं काढून टाक, ते शंभरातल्या नव्वद लेटरमध्ये असतं.

एचआरच्या माणसाला हा परिच्छेद सगळा कळेलच असं नाही, पण पुढं डेव्हलपरच्या हातात लेटर गेलं की इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न इथूनच येतो, `BrowserRouter` ठेवून हेच कसं केलं असतंस? तेव्हा सांगता यायला पाहिजे की बिल्ड करताना index.html ची कॉपी 404.html नावानं ठेवली तरी काम होतं, फक्त सर्व्हरचा स्टेटस 404 च राहतो. म्हणून स्वतः करून बघितल्याशिवाय एक ओळही लिहू नको, बूटकॅम्पच्या ग्रुप प्रोजेक्टमधलं दुसऱ्यानं केलेलं तर अजिबात नको.

वरती पहिल्या दोन ओळींत कुठली जागा आणि ही कंपनी काय बनवते, त्यातलं तू काय वापरून बघितलंस ते. खाली बीकॉमची एक ओळ, आणि निपाणीहून बेळगावला किंवा पुण्याला कधीपासून येऊन राहू शकतेस ते स्पष्ट लिही, गावाबद्दल त्यांना खरं तेवढंच जाणून घ्यायचं असतं. बेंगलोरच्या लेटरात कन्नड बोलता येतं हेही टाक, येत असेल तर. सगळं एका पानाच्या आत.

राउटर बदलून नवीन लिंक आणि मधला परिच्छेद मला पाठव, मी परत मोबाइलवर उघडून बघते, तोवर नवीन अर्ज थांबव.