स्पीकर बिघडला नव्हता

‘ताई, दोन महिने एका मुलीशी मेसेजवर बोलतोय. मी स्वतःचीच खिल्ली उडवतो. “माझ्याशी बोलणं म्हणजे समाजसेवा” वगैरे. आधी ती खूप हसायची. मध्ये एकदा माझी व्हॉइस नोट ऐकून म्हणाली, आवाज छान आहे. मी लिहिलं, “तुझा स्पीकर बिघडलाय.” हल्ली ती नुसतं “असं काही नाही रे” म्हणते आणि विषय संपतो. असे विनोद किती करावेत?’

स्पीकरचं तू ओझरतं लिहून पुढे गेलास. मी मात्र तिथंच अडले, आणि खरं सांगू, तुझा रागच आला. तिनं तुझी नोट नीट ऐकली, काहीतरी आवडलं आणि ते उघडपणे लिहिलं. असं लिहायला धीर लागतो. तू तिला काय कळवलंस? तुझी आवड चुकीची आहे. आता तिनं एकतर तुझं कौतुक पटवून देण्यासाठी वाद घालायचा, नाहीतर सोडून द्यायचं. तिनं सोडून दिलं.

विनोद पाठवण्याआधी तिचं उत्तर मनात लिहून बघ. ‘आज दहा मिनिटं दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावत होतो’ यावर ती विचारेल, ‘मालक आला की नाही?’ ती चिडवेल, तू आणखी रंगवशील. तिथं फजिती हसण्याजोगी आहे, तू नाहीस. ‘समाजसेवा’वर मात्र तिला एकच वाक्य सुचू शकतं: ‘असं काही नाही रे.’ म्हणजे दरवेळी तुझी समजूत काढायची. पहिल्या आठवड्यात ती हौसेनं काढते, आठव्यात थकते. आणि तुलाही त्या वाक्याची सवय लागलेली असते. ज्या संध्याकाळी ते येत नाही, त्या संध्याकाळी तुझाच विनोद तुला खरा वाटू लागतो.

एका वेळच्या गप्पांत असा एक विनोद पुरे, तोही घडलेल्या फजितीवर. कौतुकाच्या उत्तरात एकही नको. भेटायला बोलावतानाही नको, कारण ‘कंटाळशील, पण भेटायचं का?’ याला हो म्हणण्याआधी तिला तुझं पहिलं वाक्य खोडावं लागतं.

आज रात्री टाइप करू नकोस. ज्या आवाजावर तू विनोद केलास, त्याच आवाजात वीस सेकंदांची नोट पाठव: ‘तू माझ्या आवाजाबद्दल म्हणालीस ते मी हसण्यावारी नेलं. खरं तर ऐकून फार छान वाटलं होतं. रविवारी भेटूया?’ लांबलचक माफी नको, नाहीतर तिला पुन्हा तुलाच सावरावं लागेल. नोट गेली की तिच्यामागून हसरा चेहरा पाठवू नकोस. फोन बाजूला ठेव आणि तिला उत्तर द्यायला वेळ दे.