पोलीस आले, स्टाफ आला

"माझं वाक्य होतं: 'माहिती मिळताच पोलीस आली, लोकं जमली होती आणि हॉस्पिटलचे स्टाफ मदतीला धावले.' आमच्या संपादकांनी तिन्ही क्रियापदांखाली लाल रेघ मारली. इंग्रजीत हे तिन्ही शब्द अनेकवचनीच चालतात ना? मग मराठीत कुठे एकवचन आणि कुठे अनेकवचन?"

छापायला द्यायचं वाक्य असं होईल: 'माहिती मिळताच पोलीस आले, लोक जमले होते आणि हॉस्पिटलचा स्टाफ मदतीला धावला.' म्हणजे रेघा तिन्ही ठिकाणी बरोबर पडल्या आहेत, पण तिन्ही चुका एका जातीच्या नाहीत. 'पोलीस आली' हिंदीतून आलं आहे. 'लोकं जमली' हे घरचंच आहे, फक्त छापील मराठीत बसत नाही. 'स्टाफ धावले' मात्र इंग्रजीच्या धाकाने झालं आहे, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही ते सगळीकडे चालत नाही. ब्रिटिश इंग्रजीत स्टाफला दोन्ही वचनं चालतात, अमेरिकन इंग्रजीत बहुधा एकवचनच.

तेव्हा इंग्रजी बाजूला ठेवा आणि शब्दाच्या आधी 'सगळा' लावून बघा. सगळे पोलीस, सगळे लोक, सगळा स्टाफ. 'सगळा पोलीस' किंवा 'सगळा लोक' कोणी म्हणणार नाही. 'सगळे स्टाफ' म्हणताना जीभ किंचित अडखळते. विशेषणाने जे वचन घेतलं तेच क्रियापद घेणार. मराठी ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्याला दहातल्या नऊ वेळा एवढ्यावर उत्तर मिळतं. दहाव्या वेळी का मिळत नाही, ते सांगायला थोडं खोलात जावं लागेल.

पोलीस हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण घेताना त्याचा अर्थ हलवला. इंग्रजीत तो दलाचं नाव आहे. तिथे 'द पोलीस आर' असं अनेकवचन लागतं, पण एका माणसाला 'अ पोलीस' म्हणत नाहीत, त्याच्यासाठी 'पोलिसमन' किंवा 'पोलीस ऑफिसर' असा वेगळा शब्द लागतो. मराठीने दलाचं नाव सरळ माणसाला दिलं. नाक्यावर एक पोलीस उभा आहे, दोन पोलीस चहा पीत आहेत. देव, हात, वकील यांच्यासारखा हा साधा अकारांत पुल्लिंगी शब्द झाला, आणि अशा शब्दांचं अनेकवचनात रूप बदलत नाही. एक वकील, चार वकील. एक पोलीस, चार पोलीस. शब्दाकडे पाहून वचन कळत नाही, म्हणून सगळा भार क्रियापदावर येतो. 'पोलीस आला' म्हणजे एकच माणूस आला. 'पोलीस आले' म्हणजे अनेक आले, किंवा दल म्हणून आले.

हिंदीत याच शब्दाचं तिसरंच झालं. तिथे तो स्त्रीलिंगी एकवचनी समूह आहे, 'पुलिस आ गई'. मुंबईत आणि विदर्भात हिंदी सतत कानावर असल्यामुळे 'पोलीस आली' बोलण्यात सहज येतं आणि तिथून बातमीत उतरतं. एकच शब्द शेजारच्या तीन भाषांत तीन प्रकारे वागतो, आणि आपण तिन्ही ऐकतो. गोंधळ व्हायचाच. 'पोलीस आली' मराठीत बरोबर ठरण्याची एक जागा आहे: आलेली व्यक्ती एकटी आणि बाई असेल तर. 'चौकीतून एक महिला पोलीस आली', 'दोन महिला पोलीस आल्या' ही वाक्यं निर्दोष आहेत. मात्र विभक्ती लागली की तिचंही 'महिला पोलिसाने' असंच होतं.

'पोलीस आले' मध्ये आणखी एक खाच आहे, आदरार्थी बहुवचनाची. आमच्याकडे पासपोर्टच्या पडताळणीला एकच हवालदार आले होते. आईने शेजारी सांगितलं, "सकाळी पोलीस येऊन गेले." संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकू काळजीने विचारायला आल्या, की एवढे पोलीस कशासाठी आले होते. आईचं मराठी चोख होतं, काकूंचंही. आदराचं अनेकवचन आणि संख्येचं अनेकवचन यांचं रूप एकच, त्याला दोघी काय करणार? लिहिताना मात्र वाचकाला असं चकवू नये. एकच असेल तर 'एक पोलीस येऊन गेला' लिहावं, आणि तसं लिहिणं उद्धट वाटत असेल तर हुद्दा घालावा: 'हवालदार येऊन गेले.'

आता क्रियापदही मदतीला येत नाही अशी वाक्यं. 'पोलिसाने चोराला पकडले' आणि 'पोलिसांनी चोराला पकडले'. दोन्हीकडे 'पकडले'च, कारण हे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. इथे एक की अनेक ते फक्त कर्त्याच्या रूपावरून कळतं: एकवचनात 'पोलिसाने', अनेकवचनात 'पोलिसांनी'. अनुस्वार आणि 'नी' जोडीने येतात. 'पोलिसांने' आणि 'पोलिसानी' ही अर्धवट रूपं बातम्यांत रोज दिसतात, आणि ती वाचून एक होता की अनेक होते ते ठरवता येत नाही. तसंच 'पोलीस' मधला दीर्घ 'ली' प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो, म्हणून 'पोलीसांनी' नव्हे, 'पोलिसांनी'. गरीब–गरिबांनी, वकील–वकिलांनी, तसंच.

आणि मग ती दहावी वेळ. 'तो पोलिसात आहे.' हे एकवचन का? तो एका पोलिसाच्या आत तर नाही! इथे शब्दाचा मूळचा, दलाचा अर्थ शिल्लक राहिला आहे: लष्करात आहे, नौदलात आहे, तसा पोलिसात आहे. 'पोलिसात भरती झाला', 'पोलिसात तक्रार दिली' यांतही तेच. पुष्कळ मुद्रितशोधक इथे अनुस्वार देऊन 'पोलिसांत' करतात. उच्चारात दोन्हींत फरक पडत नाही, त्यामुळे कानाला विचारून निकाल लागणार नाही. मी अनुस्वार देत नाही. 'पोलिसांत' वाचलं की मला 'पोलिसांमध्ये' असा अर्थ लागतो, म्हणजे 'पोलिसांत नाराजी आहे' यातला. खात्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा 'पोलिसात' आणि माणसांबद्दल बोलायचं असेल तेव्हा 'पोलिसांत' असा भेद ठेवला तर तो उपयोगी पडतो.

लोक सोपा आहे. माणसं या अर्थी तो कायम अनेकवचनी. एका माणसाला 'एक लोक' म्हणत नाहीत, 'एक जण' म्हणतात. एकवचनी लोक भेटतो तो इहलोक-परलोकात. बोलण्यात आणखी एका ठिकाणी तो एकवचनी होतो: 'लोकाच्या घरी किती दिवस राहायचं?' इथे लोक म्हणजे परका माणूस.

तुमच्या वाक्यात वाद आहे तो लिंगाचा. प्रमाण लेखनात लोक पुल्लिंगी, म्हणून 'लोक जमले', 'चांगले लोक'. बोलताना मात्र 'लोकं जमली', 'चांगली लोकं' सर्रास, आणि मीही बोलतो. त्याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. मराठीत बायका-पुरुष एकत्र असले की आपण नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतो: नवराबायको निघाले की 'ती दोघं निघाली'. गर्दीत दोन्ही असतात, शिवाय माणसं, पोरं, मुलं हे शब्द शेजारी उभे आहेतच. त्यांच्या ओळीत लोकही जाऊन बसला आणि त्याने अनुस्वार घेतला. कथेतल्या संवादात 'लोकं' खुशाल ठेवा, बातमीत 'लोक' करा. एक पथ्य मात्र पाळायला हवं: 'लोकं जमले' किंवा 'लोक जमली' अशी भेसळ नको. आणि वर्तमानकाळात हा प्रश्न उरतच नाही, कारण 'म्हणतात', 'येतात' यांत लिंग दिसत नाही.

राहिला स्टाफ. तो मराठीत अजून समूहच आहे, लष्कर किंवा जमाव यांच्यासारखा. स्टाफ कमी आहे, अर्धा स्टाफ सुट्टीवर गेला, नवा स्टाफ आला. दोनशे माणसं असली तरी क्रियापद एकवचनीच. मराठी शब्द वापरलात तर नियम पालटतो, आणि तिथेच लोक घसरतात. 'कर्मचारी' हा माणूस, म्हणून 'कर्मचारी धावले'. 'कर्मचारी वर्ग' म्हटलं की कर्ता 'वर्ग' झाला, म्हणून 'कर्मचारी वर्ग धावला'. 'कर्मचारी वर्ग संपावर गेले' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे, की आता पेन आपोआप उघडतं. 'पोलीस पथक दाखल झाले' मध्येही क्रियापद पथकाचं आहे, पोलिसांचं नव्हे. तिथे 'झाले' दिसतं ते 'पथक' नपुंसकलिंगी एकवचनी असल्यामुळे. 'पोलिसांची तुकडी' घातलीत की लगेच 'दाखल झाली' होतं.

पण स्टाफचंही काही वर्षांनी पोलिसासारखं होईल असं मला वाटतं. बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं की एखादा गृहस्थ नुसतं "स्टाफ" म्हणतो, आणि तो एकटाच असतो. दवाखान्यात 'रात्रपाळीला दोनच स्टाफ असतात' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. समूहाचं नाव माणसाला चिकटायला लागलं आहे. 'एक स्टाफ आला, चार स्टाफ आले' हे ज्या दिवशी खटकेनासं होईल, त्या दिवशी तुमचं 'स्टाफ धावले' बरोबर ठरेल. तोवर 'धावला'च ठेवा. आणि 'हॉस्पिटलचे'चं 'हॉस्पिटलचा' करायला विसरू नका. संपादकांनी क्रियापदाखाली रेघ मारली, पण चूक त्याच्या तीन शब्द आधीच सुरू झाली होती.