केवायसीसाठी सेल्फी हा एकमेव रस्ता नाही

प्रश्न: मी इचलकरंजीत शिवणकाम करते, वय 58. राष्ट्रीयीकृत बँकेत बचत खातं आहे. केवायसी नव्याने करा असा मेसेज आला म्हणून बँकेच्या ॲपवर करायला घेतलं, पण सेल्फीच्या वेळी दर वेळी ‘चेहरा स्पष्ट नाही’ असं येतं. मला जाड भिंगाचा चष्मा आहे. तो काढला तर स्क्रीनवरच्या सूचना वाचता येत नाहीत. आता खात्यातून पैसे निघत नाहीत, शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ताही परत गेला. शाखेत गेले तर म्हणतात, ॲपवरच करा. माझं नाव, पत्ता काहीच बदललेलं नाही. काय करू?

उत्तर: ताई, ॲप तूर्त बाजूला ठेवा. तुमच्यासारख्या खातेदाराला सेल्फीची सक्ती रिझर्व्ह बँकेच्या कोणत्याही नियमात नाही. माहितीत काहीच बदल नसेल, तर ठरावीक मुदतीने होणाऱ्या केवायसीसाठी ‘माझ्या माहितीत बदल नाही’ असं स्वतःच्या सहीचं घोषणापत्र पुरतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच तशी तरतूद आहे. हे घोषणापत्र नोंदणीकृत मोबाइल किंवा ईमेलवरून देता येतं, एटीएमवरून देता येतं आणि साध्या पत्रानेही देता येतं. सेल्फी आणि व्हिडिओ कॉल या बँकेने ग्राहकाच्या सोयीसाठी ठेवलेल्या वाटा आहेत. त्यातली एक बंद पडली म्हणून बाकीच्या बंद करण्याचा अधिकार शाखेतल्या कर्मचाऱ्याला नाही.

याला एक मर्यादा आहे, ती आधी सांगते. बँकेकडे असलेली तुमची कागदपत्रं आजच्या नियमांत बसणारी हवीत. खातं फार जुनं असेल आणि तेव्हा आधार किंवा पॅन घेतलेलंच नसेल, किंवा दिलेल्या कागदपत्राची मुदत संपली असेल, तर बँक नव्याने कागदपत्रं मागू शकते. पण तीही शाखेत मूळ प्रती दाखवून देता येतात. म्हणून जाताना आधार, पॅन आणि पासबुक मूळ प्रतीसह न्या, प्रत्येकाची एक झेरॉक्स सही करून जवळ ठेवा.

तोंडी बोलणं इथे थांबवा. शाखा व्यवस्थापकांच्या नावे असा अर्ज द्या: ‘माझं बचत खातं क्रमांक अमुक. माझ्या केवायसी माहितीत कोणताही बदल नाही, तसं घोषणापत्र सोबत जोडलं आहे. ॲपवरील सेल्फी तपासणी माझ्या जाड चष्म्यामुळे पूर्ण होत नाही, त्याचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. कृपया या घोषणापत्राच्या आधारे केवायसी अद्ययावत करावी व खात्यावरील निर्बंध उठवावेत. अर्ज स्वीकारता येत नसेल, तर त्याचं कारण लेखी कळवावं.’ दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

अर्जातलं लेखी कारण मागणारं शेवटचं वाक्य गाळू नका. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या या महिलेला डिजिटल केवायसीत डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, म्हणून बँकेचं खातं नाकारलं गेलं होतं. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्देश सुधारले. केवायसीचा अर्ज विचार न करता फेटाळता येणार नाही आणि फेटाळण्याचं कारण संबंधित अधिकाऱ्याने नोंदवलंच पाहिजे, असा नियम झाला. निकाल मुख्यतः अपंग आणि दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींबद्दल आहे, त्यामुळे केवळ चष्मा आहे म्हणून तो जसाच्या तसा तुम्हाला लागू होईल असं मी म्हणणार नाही. कारण नोंदवण्याचा नियम मात्र प्रत्येक ग्राहकासाठी आहे. ‘ॲप घेत नाही’ हे ॲपचं उत्तर झालं, अधिकाऱ्याने विचार करून दिलेलं कारण नव्हे.

आता खात्यातून पैसे का निघत नाहीत ते पाहू. जून 2025 च्या सुधारणेनुसार केवायसीची मुदत संपण्याआधी बँकेने किमान तीन वेळा आगाऊ कळवायचं असतं आणि त्यात एकदा तरी पत्राने. मुदत उलटल्यावरही तशीच किमान तीन स्मरणपत्रं द्यायची, त्यातही एक पत्र हवं. तुमच्या घरी पत्र आलं होतं का, हे आठवून पाहा. दुसरं, कमी जोखमीच्या वर्गातल्या ग्राहकांची केवायसी बाकी असली तरी व्यवहार चालू ठेवायचे आणि केवायसीला मुदतीच्या तारखेपासून एक वर्ष किंवा 30 जून 2026, यांपैकी जे नंतर येईल तोवर सवलत द्यायची, अशी तरतूद आहे. साधं बचत खातं बहुधा याच वर्गात असतं. अर्जात दोन प्रश्न जोडा: माझी मुदत कोणत्या तारखेला संपली आणि मला कोणत्या तारखांना कळवलं? या तारखा जुळल्या नाहीत, तर हप्ता परत गेल्याचा दंड बँकेने परत करावा, अशी मागणी करता येते. दंडाची नोंद असलेलं खाते उताऱ्याचं पान त्यासाठी काढून ठेवा.

तरीही एकदा ॲपवर बघायचं असेल, तर अडचण नेमकी कुठे आहे ते आधी ओळखा. या तपासणीचे दोन भाग असतात. समोर जिवंत माणूस आहे की छापील फोटो, हे पहिल्या भागात पाहिलं जातं. दुसऱ्यात तो चेहरा आधी दिलेल्या फोटोशी जुळतो का, हे बघतात. ‘चेहरा स्पष्ट नाही’ हा सहसा पहिल्या भागातला अडथळा असतो. जाड भिंगावर ट्यूबलाइट चमकली की डोळ्यांच्या जागी पांढरा डाग दिसतो, मग पापणीची उघडझाप कॅमेऱ्याला कळत नाही. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा आणि वरची ट्यूब बंद करा. भिंग पुसा, फोनचा पुढचा कॅमेराही पुसा. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा उजळणारी सोय चालू असेल तर बंद करा, रात्रीचा पिवळसर पडदाही बंद ठेवा. फोन डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर धरा. चष्मा काढावा लागला तर शेजारी मुलीला बसवा, तिने सूचना फक्त वाचून दाखवायच्या. चौकटीत तिचा चेहरा येऊ देऊ नका, आणि तुमच्या जागी तिने बसणं तर अजिबात नको. उलट ‘चेहरा जुळत नाही’ असं आलं, तर बहुधा जुना फोटो कारण असतो. मग उजेड बदलून उपयोग नाही, थेट शाखेतच जा.

अशा वेळी ‘मी करून देतो’ म्हणणारे फोन येतात. स्क्रीन शेअर करायला सांगणारा किंवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवणारा माणूस बँकेचा नसतो. चुकून माहिती दिली गेलीच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

अर्ज देऊन 30 दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पोच असलेली अर्जाची प्रत, स्क्रीनशॉट आणि खाते उतारा एवढं जोडलं की पुरे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर लोकपाल प्रकरण ऐकून घेत नाहीत. म्हणून उद्याच शाखेत जाऊन ती पोच घ्या.