आधी हाताला चटके

“आई, मराठी शाळेतल्या लायब्ररीच्या मावशी म्हणाल्या, ‘आता आईच्या हातांची कविता वाचते, आधी सगळ्यांनी आपापले तळहात बघा.’ मग त्यांनी ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ अशी ओळ सांगितली. पण भाकरी करताना चटका बसतोच कशाला? चिमटा नसतो का? आणि ‘मियते’ म्हणजे काय?”

प्रिय सोनू,

चिमटा असतो, पण भाकरीला तो उशिरा लागतो. पोळीच्या कणकेत चिकटपणा असतो, म्हणून पोळी लाटता येते आणि उचलली तरी फाटत नाही. ज्वारीच्या पिठात तसा चिकटपणा नसतो. म्हणून त्यात जवळजवळ उकळतं पाणी घालतात, तेव्हा कुठे पीठ धरून राहतं. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास पाणी लागतं. पीठ जुनं असेल तर अंदाज चुकतो. मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने तीन-चार मिनिटं मळायचं. कमी मळलं तर थापताना कडा चिरतात, आणि चिरलेली भाकरी फुगत नाही. म्हणजे पहिला चटका तव्याच्या आधीच, गरम पिठाचा.

दुसरा चटका तव्यावर. परातीत कोरडं पीठ पसरून त्यावर भाकरी थापतात. तव्यावर टाकताना ती पालथी टाकतात, म्हणजे कोरडं पीठ लागलेली बाजू वर येते. लगेच ओल्या हाताने त्या बाजूवर पाणी फिरवायचं. खाली तापलेलं लोखंड, वर पाणी, त्यामुळे वाफ थेट बोटांवर येते. पाणी पुरतं सुकू दिलं तर भाकरीला भेगा पडतात, म्हणून थोडी ओल असतानाच ती उलटावी लागते. त्या वेळी भाकरी इतकी मऊ असते की चिमट्याने धरली तर तिथेच फाटेल आणि आतली वाफ निसटेल. फुगायचं ते त्या वाफेवरच. म्हणून सरावलेली बाई बोटांनी कड उचलते आणि झटकन उलटते. उलथनंही चालतं, पण घाईत हातच पुढे जातो.

चुलीवर आणखी एक पायरी असते. तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी करतात आणि फिरवत शेकतात. तोवर ती कडक झालेली असते, त्यामुळे इथे चिमटा चालतो. आपल्या इलेक्ट्रिक शेगडीला ना जाळ ना निखारे, म्हणून मी फडक्याने दाबून तव्यावरच फुगवते. चव थोडी उतरते, पण बोटं वाचतात.

आता ‘मियते’. ही बहिणाबाई चौधरींची ओळ. त्या १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. तिकडच्या लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी बऱ्याचदा ‘य’ येतो. मिळते म्हणजे ‘मियते’, कळस म्हणजे ‘कयस’. पुस्तकात ‘मियते’ दिसलं तर छपाईची चूक समजू नकोस, आणि मोठ्याने वाचताना ‘मिळते’ असं सुधारूही नकोस. तशीच ‘भाकर’ ही भाकरीच.

मावशींनी ‘आईचे हात’ म्हटलं ते मला पटलं, पण एक गोष्ट लक्षात ठेव. त्या ओळीत आई हा शब्दच नाही, ओळ संसाराबद्दल आहे. ‘अरे संसार संसार, जसा तावा चुल्ह्यावर’ अशी ती कविता सुरू होते. संसार म्हणजे नुसतं कुटुंब नव्हे. घर चालवणं, त्यातली माणसं, कष्ट, भांडणं, सगळं त्यात आलं. आई आली ती दुसऱ्या वाटेने. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या काम करताना ओव्या म्हणत. त्या कागदावर उतरल्या त्यांचा मुलगा सोपानदेव यांच्यामुळे. ते स्वतः कवी होते. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे कविता आईच्या तोंडची आणि ती लिहून ठेवायला मुलाचा हात. मावशींनी एवढं वाक्य जोडलं असतं तर तळहात बघायला लावण्याला आणखी अर्थ आला असता.

पुढच्या शनिवारी त्यांना सुगरणीच्या खोप्याची कविता वाचायला सांग. तीही बहिणाबाईंचीच. त्यात पिलासाठी घरटं विणणारी आई आहे, आणि तिच्याजवळ फक्त चोच आहे. शेवटाकडे कविता ऐकणाऱ्याला म्हणते, ‘तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं’. तळहात तिथे बघायला लावले तर जास्त चांगलं.

तुझी,
आई