काउंटरऑफर आली म्हणून लगेच आकडा वाढवू नकोस

अगं, मकरपुऱ्यातला तो मेंटेनन्स इंजिनिअर "सोडू नकोस म्हणून आमचे सर दहा लाख देतायत" म्हणाला, आणि तू तासाभरात साडेदहाची मंजुरी मागायला आलीस. थांब जरा.

आधी विचार, ते दहा लाख लेखी मिळालेत का? आणि त्यात दरमहा हातात येणारे किती? माझ्या एका उमेदवाराला आठाचे दहा झाले होते, पण त्यातला दीड लाख रिटेन्शन बोनस होता, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. म्हणजे खरी वाढ पन्नास हजारांची. आपली त्याला ऑफर होती साडेनऊची, सगळी पक्की. हे मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, बाकी काही बोललो नाही.

मग पहिल्या मुलाखतीतली तुझी टिपणं काढ. तो नोकरी का सोडत होता? रात्रपाळीमुळे? मग विचार, रात्रपाळी बंद होणार असं काउंटरऑफरच्या पत्रात लिहिलंय का. कारण निव्वळ पगाराचंच असेल, तर मात्र तो बहुधा गेलाच समज.

वाढवायचंच असेल तर एकदाच, त्या हुद्द्याच्या पगाराच्या बँडच्या आत; नाहीतर त्याच हुद्द्यावरचे आपले जुने लोक उद्या दारात उभे राहतील. त्यापेक्षा नोटीस बायआउट दे, म्हणजे त्याच्या नोटीस काळाचे पैसे आपण भरायचे; तो खर्च एकदाच होतो. उत्तराला दोन दिवसांची मुदत ठेव, आणि तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवू नकोस. ही चूक मी केलेली आहे.

"काउंटर आली तर काय कराल?" हे पुढच्या वेळी ऑफर लेटर देण्याआधीच विचार.