बाटलीवरच्या ३७ टक्क्यांचं गणित

भावा, हायड्रोक्लोरिकच्या बाटलीवर ३७ टक्के आणि डेन्सिटी १.१९ दिसली की लगेच एक लिटर धरू नकोस, आधी १०० ग्रॅम ॲसिड धर. त्यात ३७ ग्रॅम HCl, म्हणजे ३६.५ नं भागून १.०१ मोल, आणि पाणी ६३ ग्रॅम, म्हणजे ३.५ मोल. मोल फ्रॅक्शन १.०१ भागिले ४.५१, ०.२२. मोलॅलिटी १.०१ भागिले ०.०६३, साधारण १६. डेन्सिटी लागते फक्त मोलॅरिटीला, १०० भागिले १.१९ म्हणजे ८४ मिली, तिथनं १२ मोलर येतंय बघ.

राजारामपुरीत क्लासला होतो तेव्हा मी ६३ च्या जागी अख्खे १०० घ्यायचो आणि मोलॅलिटी १० यायची. इथं ती मोलॅरिटीपेक्षा कमी येऊच शकत नाही, कारण लिटरभर ॲसिडात पाणी पाऊण किलोच असतंय.