सैल कुर्ता फिटिंगचा करताना काखेत ओढतो

प्रश्न: आईचा सैल कॉटनचा कुर्ता मापाचा करायला दोन्ही बाजूंनी आत घेतला. आता हात वर केला की अख्खा कुर्ता वर येतो. काय चुकलं?

उत्तर: ताई, तुम्ही बहुतेक बाहीपासून कमरेपर्यंत एकच गोलाकार शिलाई मारलीत. त्याने काखेचा कोपरा बुजतो आणि मुंढा खाली उतरतो. मग हात उचलला की बाहीबरोबर अंगही ओढलं जातं. आमच्या कुडाळातल्या शिंपीकाकांचं एकच म्हणणं असायचं, "आधी उसव, मगे शिव."

तेव्हा काखेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मुंढ्याची शिलाई उसवा. अंगाची बाजू आणि बाही वेगवेगळी आत घ्या, काखेत दोन्हींवर सारखंच माप घ्या आणि मग बाही परत मुंढ्याला जोडा. असं केलं की कोपरा वरच राहतो.

माप कसं काढायचं ते भाचीच्या कुर्त्यावरून सांगते. कुर्त्याची छाती ४४, तिची ३६. पावसात कपडा अंगाला चिकटतो, म्हणून मी दोन नाही, तीन इंच सैल ठेवते. म्हणजे ३९ हवी, ५ इंच जास्त. हे पाच चार पदरांत वाटायचे, दोन्ही बाजूंचे पुढचे-मागचे धरून. प्रत्येक पदरात सव्वा इंच. इथेच बरेच जण प्रत्येक पदरात अडीच इंच घेतात आणि कुर्ता दहा इंचांनी आवळतो!

कंबरेचा मोह आवरा. तिची कंबर ३० होती, पण कुर्त्याला चेन नाही, तो छातीवरूनच घालायचा. म्हणून कंबर ३७ वर थांबवली. कुर्ता सरळ, म्हणून त्याची कंबरही ४४ होती. त्यातले बाजूंतून ५ इंच गेलेच होते. उरलेल्या दोनासाठी पाठीत दोन टक्स घातले, प्रत्येकी एक इंचाचा (घडीवर अर्धा). कमरेखाली शिलाई हळूहळू बाहेर नेत कटच्या वर मूळ शिलाईत मिळवली. तिथे एकदम वळवलीत तर कट फाकतो.

खांदा मात्र आधी बघा. बाहीची शिलाई दंडावर उतरत असेल तर बाजू कितीही आत घ्या, कुर्ता उसनाच दिसणार. मग बाही पूर्ण काढून खांदा कापावा लागतो. भाचीचा पाऊण-पाऊण इंच कापला, तेवढीच बाही मनगटावरून वर गेली.

सगळं आधी कच्च्या दोऱ्याने शिवा, घालून बसा, हात वर करा. छातीवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर पाव इंच सोडा. पटल्यावरच मशीन. जादाचं कापड लगेच कापू नका, बाजूला इंचभर माया ठेवा. कमरेच्या वळणावर मात्र अर्धाच इंच, नाहीतर शिलाई ओढते. जुन्या कुर्त्याचं काखेतलं कापड घामाने विरलेलं असतं. उजेडात धरून बघा. तिथे जाळी दिसली तर आतून त्याच कुर्त्याचा तुकडा लावूनच शिवा.